सहकारी आरोग्य सेविकेचं पुरस्कारासाठी नामांकन कसं लिहावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आरोग्य सहायिका म्हणून सहा उपकेंद्रांवर देखरेख केली. आमच्या सिस्टरांची नामांकनं लिहिली आणि पुढे तालुका पातळीवर आलेली नामांकनं वाचलीही. दरवर्षी पुरस्काराचं पत्र निघालं की मेडिकल ऑफिसर, आरोग्य सहायक आणि सोबतच्या सिस्टरांचे तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. उदाहरण मुद्दाम एकच घेतलं आहे: ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं उपकेंद्र. त्यातले आकडे समजावण्यासाठी मांडलेले आहेत, कुठल्या खऱ्या उपकेंद्राचे नाहीत.

1. "आमची सिस्टर अतिशय कष्टाळू, प्रामाणिक आणि मनमिळाऊ आहे" असं लिहिलं तर काय बिघडतं?

खोटं काही नसतं, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मी लिहिलेलं पहिलं नामांकन याच तीन शब्दांवर उभं होतं. रात्री-अपरात्री धावून जाते, गावकऱ्यांची लाडकी आहे, कामात कधी कुचराई नाही, असं दीड पान. ते परत आलं आणि समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: "काय केलं?" मला फार लागलं, कारण मला माहीत होतं तिने काय केलं ते. मी ते लिहिलंच नव्हतं.

ज्या सिस्टरचं नाव पुढे येतं ती कष्टाळू असतेच. समितीच्या टेबलावरचे सगळे कागद तेच सांगत असतात. तिच्या उपकेंद्रात कुठली अडचण होती, तिने नेमकं काय वेगळं केलं आणि त्यामुळे किती माता-बालकांपर्यंत सेवा पोचली, या तीन गोष्टी आल्या की विशेषणांची गरज उरत नाही.

2. तिने वर्षभर शंभर कामं केली. सगळी लिहायची का?

नाही. एकच निवडा, फार तर दोन. लसीकरण, प्रसूतिपूर्व तपासणी, कुटुंब नियोजन, साथरोग सर्वेक्षण, ग्राम आरोग्य पोषण दिवस ही तिच्या नेमणुकीतली कामं आहेत आणि शेजारच्या उपकेंद्राची सिस्टरही ती करते. निवडताना स्वतःला एक प्रश्न विचारा: ती महिनाभर रजेवर गेली आणि दुसऱ्या सिस्टरकडे चार्ज दिला, तर कुठलं काम लगेच थांबेल? जे थांबेल ते तिचं काम. ऊसतोडीच्या उपकेंद्रात बहुतेक वेळा ते स्थलांतरित कुटुंबांच्या पाठपुराव्याचं काम असतं, कारण ते कुठल्याच अहवालाच्या रकान्यात बसत नाही.

3. अशा कामाचा परिणाम मोजायचा कसा? दाखवा ना एकदा करून.

समजा, उपकेंद्राची लोकसंख्या 5,200 आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यात परत येतात. सोबत तान्ही मुलं जातात. पेंटाव्हॅलंटचे डोस 6, 10 आणि 14 आठवड्यांना, गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर. म्हणजे ज्या महिन्यांत हे डोस द्यायचे, नेमक्या त्याच महिन्यांत मूल कुठल्यातरी कारखान्याच्या फडात असतं.

सिस्टरने काय केलं? सप्टेंबरमध्येच आशांना घेऊन घरोघरी यादी केली: कोण जाणार, कुठल्या मुकादमाच्या टोळीत, कुठल्या कारखान्याला, सोबत एक वर्षाच्या आतलं मूल आहे का, बाई गरोदर आहे का. निघण्याआधी जो डोस देय होता तो दिला. माता बाल संरक्षण कार्डाची झेरॉक्स आईच्या पिशवीत आणि दुसरी स्वतःच्या फाइलीत ठेवली. कार्डाच्या मागे पुढच्या डोसची तारीख मोठ्या अक्षरात लिहिली. मुकादमाचा फोन नंबर घेतला. त्या तारखेच्या दोन दिवस आधी फोन केला आणि कारखाना परिसरातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टरलाही कळवलं. परत आल्यावर प्रत्येक कार्ड हातात घेऊन पाहिलं.

आता मोजमाप. "परतल्यावर, त्या दिवशी वयानुसार देय असलेले सगळे डोस घेतलेली मुलं" अशी एकच व्याख्या धरा आणि दोन्ही वर्षांना तीच लावा. पहिल्या वर्षी, म्हणजे ही पद्धत सुरू होण्याआधी, 26 मुलं टोळ्यांसोबत गेली होती आणि त्यांतल्या 9 जणांचे डोस पूर्ण होते. पुढच्या वर्षी 31 गेली आणि 24 जणांचे पूर्ण होते. नामांकनात हे असंच लिहा: "26 पैकी 9, पुढील वर्षी 31 पैकी 24." टक्केवारी द्यायचीच असेल तर नंतर कंसात द्या. एवढ्या लहान आकड्यांत "35 वरून 77 टक्के" हे खूप मोठं वाटतं आणि मागची मुलं दिसेनाशी होतात.

राहिलेली 7 मुलंही लिहा. 4 मुलांची टोळी मध्येच कर्नाटकातल्या कारखान्याला गेली आणि संपर्क तुटला. 3 घरांत आधीच्या डोसनंतर ताप आला म्हणून नकार मिळाला. हे लिहिल्याने नामांकन कमजोर होईल अशी भीती सगळ्यांना वाटते. मी वाचायला बसायचे तेव्हा याच ओळीवर माझा विश्वास बसायचा, कारण ज्या सिस्टरला राहिलेल्या मुलांची कारणं माहीत आहेत तिने खरंच एकेक कार्ड पाहिलेलं असतं.

4. आमच्या अहवालात पूर्ण लसीकरण आधीच 96 टक्के आहे. मग सुधारणा दाखवणार कशी?

ज्यांचं काम सर्वांत मोलाचं असतं त्यांची नामांकनं इथेच मार खातात, म्हणून याला जरा वेळ देते.

आधी छेद काय धरला आहे ते पाहा. पुष्कळ ठिकाणी बाहेरगावी गेलेलं मूल "स्थलांतरित" असा शेरा मारून यादीतून काढलं जातं. वरच्याच उदाहरणात पहिल्या वर्षी एकूण 80 मुलं होती. 26 बाहेर गेली, 54 गावात राहिली आणि त्यांतल्या 52 जणांचे डोस पूर्ण होते. 54 पैकी 52 म्हणजे 96 टक्के. पुढच्या वर्षी एकूण 84 होती, 31 गेली, 53 राहिली, 52 पूर्ण, म्हणजे 98 टक्के. अहवाल पाहणाऱ्याला वाटेल की वर्षभरात दोन टक्क्यांचा फरक पडला, त्यात काय विशेष?

आता बाहेर गेलेली मुलं छेदात परत घ्या. पहिल्या वर्षी 80 पैकी 61, म्हणजे 76 टक्के. पुढच्या वर्षी 84 पैकी 76, म्हणजे 90 टक्के. सिस्टरने केलेलं काम या दुसऱ्या हिशेबातच दिसतं. म्हणून नामांकनात एक वाक्य स्पष्ट लिहा: "यात स्थलांतरित बालके वगळलेली नाहीत." आणि दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी मांडा, नाहीतर अहवालातली 96 टक्के आणि तुमची 76 टक्के यांचा मेळ न बसल्याने कोणीतरी शंका काढेल.

5. टक्केवारी 100 च्या वर गेली आहे. तशीच लिहू का?

लिहू नका, आधी कारण शोधा. छेद अंदाजी धरला असेल तर असं होतं. लोकसंख्या 5,000 आणि जन्मदर हजारी 16 धरला तर अपेक्षित जन्म 80, आणि गर्भपात वगैरे धरून त्यावर 10 टक्के म्हणजे 88 अपेक्षित गरोदर माता. पण लेकी बाळंतपणाला माहेरी येतात. तुमच्या गावात माहेरवाशिणी जास्त आल्या तर काम 100 च्या वर जातं, आणि तुमच्या सुना त्यांच्या माहेरी गेल्या की खाली येतं. यात सिस्टरचं श्रेयही नाही आणि दोषही नाही. नामांकनासाठी अंदाजी छेद सोडा आणि आरसीएच रजिस्टरमधली प्रत्यक्ष नावं मोजा. माहेरवाशिणींची मोजणी वेगळी दाखवा.

6. "तीन वर्षांत एकही मातामृत्यू नाही" हा सर्वांत मोठा मुद्दा नाही का?

वाचायला मोठा आहे, पुरावा म्हणून टिकत नाही. नमुना नोंदणी पद्धतीनुसार 2018-20 या काळात महाराष्ट्राचं मातामृत्यू प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे 33 होतं. वर्षाला 100 जन्म होणाऱ्या उपकेंद्रात या हिशेबाने सरासरी 30 वर्षांत एक मातामृत्यू येतो. म्हणजे तीन वर्षं शून्य असणं हे बहुतेक उपकेंद्रांत घडतंच, मग सिस्टर कशीही असो. उलट एखाद्या चांगल्या सिस्टरच्या उपकेंद्रात दुर्दैवाने एक मृत्यू झाला तर तिचं नाव मागे ठेवलं जातं. हा मोठा अन्याय आहे आणि मी तो होताना पाहिला आहे.

मृत्यूऐवजी त्याच्या आधीच्या पायऱ्या मोजा, कारण त्या सिस्टरच्या हातात असतात आणि वर्षभरात मोजण्याइतक्या घडतात. बारा आठवड्यांच्या आत किती जणींची नोंदणी झाली? हिमोग्लोबिन 7 च्या खाली असलेल्या किती माता सापडल्या आणि त्यांतल्या किती प्रत्यक्ष रुग्णालयात पोचल्या? दर महिन्याच्या 9 तारखेच्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या शिबिरात किती जोखमीच्या मातांना डॉक्टरांनी तपासलं? "संदर्भ सेवा दिली" एवढ्यावर थांबू नका. चिठ्ठी देणं आणि बाई रुग्णालयात पोचणं यांच्यात बरंच अंतर असतं, आणि चांगली सिस्टर ते अंतर तिच्यासोबत चालून जाते.

7. आधीचा आणि नंतरचा आकडा दिला की झालं ना?

मधल्या काळात मोजण्याची रीत बदलली नसेल तर. हिमोग्लोबिनचं उदाहरण घ्या. साहलीच्या नळीत रंग डोळ्यांनी जुळवायचा असतो. एक जण 9 म्हणेल तिथे दुसरी 10 म्हणेल. मध्येच डिजिटल मशीन आलं तर सरासरी आपोआप वर-खाली होते आणि एकाही बाईच्या रक्तात काही बदललेलं नसतं. असं झालं असेल तर हिमोग्लोबिनची तुलना करू नका. लोहाच्या 180 गोळ्या प्रत्यक्ष किती जणींनी संपवल्या ते द्या, आणि ते कसं पडताळलं तेही लिहा. रिकामी पाकिटं पाहिली की नुसतं विचारलं, यात फरक आहे.

दुसरी काळजी: "आधीचं" वर्ष मुद्दाम वाईट निवडू नका. ज्या वर्षी जागा सहा महिने रिकामी होती त्या वर्षाशी तुलना केली तर कोणीही रुजू झालं असतं तरी सुधारणा दिसली असती. दोन-तीन वर्षांचे आकडे असतील तर सगळे द्या. तिच्या आधी जागा रिकामी होती हेही लिहा.

8. निम्मं काम आशांनी केलं. मग सिस्टरच्या नावावर कसं लिहायचं?

क्रियापदं नीट वापरली की प्रश्न सुटतो. "घरोघरी यादी आशांनी केली. टोळीनुसार आणि देय तारखेनुसार ती लावण्याची पद्धत सिस्टरने बसवली आणि दर मंगळवारी फोन तिने स्वतः केले." यात कोणाचं काही हिरावलं जात नाही आणि सिस्टरचा वाटा जास्त स्पष्ट दिसतो. "टीमच्या सहकार्याने" हा शब्दप्रयोग टाळा, त्यातून कोणी काय केलं ते कळत नाही.

काम खरंच सगळ्या केंद्राचं असेल, जसं स्वच्छता, जैविक कचऱ्याची विल्हेवाट, इमारतीची देखभाल, तर त्यासाठी कायाकल्प आहे आणि तो संस्थेला मिळतो. ते काम एका व्यक्तीच्या नामांकनात ओढू नका.

9. काम झालं, पण रजिस्टरला नोंद नाही. आता भरून टाकू का?

अजिबात नाही. मागच्या तारखांच्या नोंदी एका बसणीत केल्या की दिसतात. एकच शाई, एकच हात, एकही खाडाखोड नाही, आणि रविवारच्या तारखाही भरलेल्या. तालुक्याला हे ओळखणारी माणसं बसलेली असतात. त्यात ज्या सिस्टरचं भलं करायला निघालो तिच्यावरच खोट्या नोंदीचा ठपका येतो.

त्याऐवजी दुसरीकडे काय शिल्लक आहे ते शोधा. आशाची डायरी, ड्यू लिस्टच्या जुन्या प्रती, आईकडचं कार्ड, कारखाना परिसरातल्या केंद्राच्या लसीकरण रजिस्टरमधली नोंद. एका सिस्टरकडे शाळेची दोनशे पानी वही होती. प्रत्येक टोळीला एक पान, वर मुकादमाचं नाव, खाली मुलांची नावं, आणि फोन लागला की बरोबरची खूण, नाही लागला की गोल. पावसाने कडा फुगलेली ती वही कुठल्याही टाइप केलेल्या तक्त्यापेक्षा बोलकी होती. जे कुठेच सापडत नाही ते "लेखी नोंद उपलब्ध नाही" असं लिहून एका वाक्यात सांगा किंवा सोडून द्या.

10. आकडे जरा जास्तच चांगले वाटताहेत. पाठवण्याआधी तपासायचे कसे?

दोन-तीन कार्डं हातात घ्या आणि तारखा लावून पाहा. समजा कोणी लिहिलं, "टोळ्या निघण्यापूर्वी सर्व बालकांचे पेंटाचे तिन्ही डोस पूर्ण केले." ऑक्टोबरच्या सुरुवातीला जन्मलेल्या आणि महिनाअखेर आईसोबत गेलेल्या बाळाला हे शक्यच नाही. पहिला डोसच 6 आठवड्यांना आणि पुढच्या दोन डोसांत किमान 4 आठवड्यांचं अंतर हवं. तसंच 9 महिने भरण्याआधी गोवर-रुबेलाचा नियमित पहिला डोस देऊन "पूर्ण" दाखवलेला असेल तर ते यश नाही, चूक आहे. अशा ठिकाणी सिस्टरला शांतपणे विचारा. पुष्कळदा तिने बरोबरच केलेलं असतं आणि नामांकन लिहिणाऱ्याने उत्साहात "सर्व" हा शब्द घातलेला असतो.

11. बाळाचे, मातांचे फोटो आणि नावं जोडली तर परिणाम वाढेल का?

नावं नकोत. "21 वर्षांची पहिलटकरीण, हिमोग्लोबिन 6.8, जवळचं ग्रामीण रुग्णालय 34 किलोमीटरवर" एवढ्याने चित्र उभं राहतं. लहान वाडीत तेवढ्यानेही बाई ओळखू येत असेल तर वय आणि अंतरही गाळा. फोटो द्यायचाच तर मातेची लेखी संमती घ्या, आणि जो आजार चारचौघांत सांगितला जात नाही त्याचा उल्लेख असलेल्या प्रसंगासोबत कधीच देऊ नका. समितीला फोटोपेक्षा ड्यू लिस्टची, नावं झाकलेली, एक झेरॉक्स जास्त उपयोगी पडते.

12. कुठल्या पुरस्कारासाठी पाठवायचं? पद्मसाठी पाठवता येतं का?

सेवेत असलेल्या सिस्टरसाठी नाही. पद्म पुरस्कारांच्या नियमांत डॉक्टर आणि शास्त्रज्ञ वगळता सरकारी कर्मचारी पात्र नाहीत. ही माहिती नसल्याने दरवर्षी कोणाची तरी मेहनत वाया जाते. नियमांत बसणाऱ्या व्यक्तीसाठी मात्र awards.gov.in वर कोणीही नामांकन करू शकतं आणि कार्याचं वर्णन 800 शब्दांत बसवावं लागतं.

सेविका, आरोग्य सहायिका आणि परिचारिकांसाठी देशपातळीवर राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तो 1973 मध्ये सुरू केला. नाव सारखं असल्याने घोटाळा होतो: आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचं फ्लोरेन्स नाइटिंगेल पदक वेगळं आहे. खालच्या पातळीवर जिल्हा परिषदेचे पुरस्कार असतात. त्या वर्षीच्या पत्रातल्या सेवेच्या अटी आणि चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला आधी पाहा, लेखन नंतर.

13. मराठीत लिहू की इंग्रजीत? किती लांब?

पत्रात सांगितलं असेल त्या भाषेत. काही सांगितलं नसेल तर मराठीत, कारण सिस्टरला स्वतःला ते वाचून चूक काढता आली पाहिजे. एक पान मजकूर आणि एक पान तक्ता पुरतं.

14. तिला न सांगता पाठवू का? सुखद धक्का बसेल.

आधी दाखवा. राहिलेल्या मुलांची कारणं, फोनचा वार, कुठलं काम आशाने केलं, या गोष्टी तिच्याइतक्या कोणाला ठाऊक नसतात. मी एका नामांकनात "मुकादमांच्या सहकार्याने" असं लिहिलं होतं. सिस्टरने वाचून पेन मागितलं, ते खोडलं आणि म्हणाली, "बाई, मुकादम फोनच उचलायचे नाहीत. त्यांच्या बायका उचलायच्या. मी त्यांचे नंबर घेतले म्हणून तर जमलं." अख्ख्या कागदातली सर्वांत महत्त्वाची पद्धत मला माहीतच नव्हती. ती ओळ मी पहिल्या परिच्छेदात घेतली.

15. मी तिची साहेब आहे आणि तिचं काम माझ्याही गोपनीय अहवालात मोजलं जातं. मी लिहिणं योग्य का?

लिहा, पण तुमचं नातं पहिल्याच ओळीत सांगा: किती वर्षं देखरेख केली, महिन्यातून किती वेळा उपकेंद्राला जाता. मग आकडे तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणाकडून, शेजारच्या केंद्राच्या सहायिकेकडून किंवा तालुक्याच्या डेटा ऑपरेटरकडून, मूळ रजिस्टरशी ताडून घ्या आणि त्यांची सही तक्त्याखाली घ्या. प्रश्न 10 मधली तपासणीही त्यांनाच करू द्या.

16. मागच्या वर्षी निवड झाली नाही. तेच नामांकन पुन्हा पाठवू का?

तेच नको. एक वर्ष जास्त मिळालं आहे, त्याचे आकडे जोडा. 26 पैकी 9, मग 31 पैकी 24, आणि तिसऱ्या हंगामात काय झालं? आकडा थोडा घसरला असेल तरी लिहा आणि कारण द्या. आणखी एक पाहा: शेजारच्या उपकेंद्राने तिची टोळीनिहाय वही उचलली का? उचलली असेल, तर तिथल्या सिस्टरकडून त्यांचे आधीचे आणि नंतरचे आकडे मागून घ्या, प्रश्न 4 मधल्या छेदानेच मोजलेले.